जेवणाच्या सुट्टीतला जिना

डोंबिवलीहून लोकलने उभ्याने येणाऱ्याला सकाळी व्यायामाला वेळ उरत नाही. दुपारची सुट्टी मात्र हाताशी असते. त्या अर्ध्या तासात जिन्यासाठी वीसच मिनिटं धरावीत, बाकीची बूट बदलायला आणि घाम सुकायला लागतात. डबा नंतर खावा, कारण भरल्या पोटी चढलं की मळमळतं.

पहिली चार मिनिटं सावकाश चढ-उतार. मग चार मजले झपाझप चढायचे, अख्खं पाऊल पायरीवर टेकवून, म्हणजे पोटऱ्या लवकर भरून येत नाहीत. वर पोहोचल्यावर तुटक शब्द बोलता यावेत. पूर्ण वाक्य सहज निघालं तर वेग कमी पडला. शब्दच फुटेना तर जास्त झाला. कठडा धरून हळू उतरणं हीच विश्रांती. अशा पाच फेऱ्या पुरेत.

खरी काळजी उतरताना घ्यायची. तेव्हा मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी ठणकतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात तीनच फेऱ्या कराव्यात आणि खाली लिफ्टने यावं. दोन्ही मांड्या सारख्या दुखल्या तर ते काही दिवसांत ओसरतं. एकाच गुडघ्यात टोचू लागलं तर जिना बंद ठेवावा. छातीत दडपण किंवा चक्कर जाणवली तर तिथेच थांबून डॉक्टरांना गाठावं.