चकलीचा 'कट्' आणि काचेची बरणी

गेल्या दिवाळीत इथे न्यू जर्सीत ओळखीच्यांना फराळ विकताना मी प्लास्टिक टाळलं आणि चकल्या कागदी पिशव्यांत भरल्या. दुसऱ्याच दिवशी पिशव्यांवर तेलाचे डाग उमटले. चौथ्या दिवशी चकली मोडताना 'कट्' आवाज येईना. कागद तेल शोषतो आणि हवेतला ओलावाही आत सोडतो.

यंदा चकल्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत दिल्या. बरणीमागे दोन डॉलर अनामत. बरणी परत, पैसे परत. गिऱ्हाइकं जवळपासचीच, म्हणून हे जमतं. चकली पूर्ण गार झाल्यावरच भरायची, नाहीतर आत वाफ धरते. परत आलेल्या झाकणाला लोणच्याचा वास असला, तर झाकण बदलायचं. चार दिवसांत संपणाऱ्या लाडवांना मात्र बटर पेपर घातलेला पुठ्ठ्याचा डबा पुरतो.