चिकट का राहिलं?

कोस्टर चोवीस तासांनी साच्यातून सोडवावा आणि त्यावर बोट टेकवल्यावर ते चिकटावं, हा अनुभव घरी रेझिनकाम करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला येतो. मग जिला तिला विचारणं सुरू होतं. एक सांगते, पुढच्या वेळी हार्डनर थोडा जास्त घाल. दुसरी म्हणते, उन्हात ठेव. तिसरी म्हणते, वरचा थर पॉलिशपेपरनं घासून टाक. हे तिन्ही सल्ले कुठे ना कुठे बरोबर असतात, पण ते तीन वेगवेगळ्या रेझिनांचे असतात. बाजारात ‘रेझिन’ या एकाच नावाखाली एपॉक्सी, पॉलिएस्टर आणि यूव्ही असे तीन पदार्थ मिळतात. तिन्ही दिसायला मधासारखे पारदर्शक, पण घट्ट होण्याची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. म्हणून चिकट राहण्याचं कारणही निराळं आणि इलाजही निराळा.

एपॉक्सी आपल्या घरात फार पूर्वीपासून आहे. दोन ट्यूबांचं अ‍ॅरल्डाइट आणि गळक्या नळावर लावायचं एम-सील ही दोन्ही एपॉक्सीच. एम-सीलच्या दोन गोळ्या एकजीव होईपर्यंत मळाव्या लागतात, रंगाच्या रेषा राहिल्या तर तिथला भाग मऊ राहतो, हे ज्यानं एकदा पाहिलंय त्याला एपॉक्सीचं निम्मं शास्त्र कळलेलंच आहे. इथे हार्डनर हा नुसता चालना देणारा पदार्थ नसतो, तो शेवटच्या घट्ट वस्तूचा भाग होतो. फुगडीला जोड्या जमाव्यात तसे रेझिनचे आणि हार्डनरचे रेणू एकमेकांना धरतात. एका बाजूचे जास्त झाले, तर उरलेल्यांना जोडीदार मिळत नाही आणि ते तसेच मोकळे राहतात. तो मोकळा माल म्हणजेच बोटाला लागणारा चिकटपणा. म्हणून ‘लवकर सुकावं म्हणून जास्त हार्डनर’ हा एपॉक्सीतला सगळ्यात घातक सल्ला आहे.

प्रमाण चुकतं कसं, ते एका कोस्टरवर पाहू. साचा गोल, दहा सेंटिमीटर व्यासाचा आणि आठ मिलिमीटर खोल. त्यात साधारण 63 मिलिलिटर रेझिन मावतं. बाटलीवर ‘2:1, आकारमानाने’ असं लिहिलेलं असेल, तर 42 मिलिलिटर रेझिन आणि 21 मिलिलिटर हार्डनर घ्यायचं. आता समजा हाताशी मापाचा कप नाही, म्हणून कुणी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढला आणि तेच 2:1 वजनाने घेतलं. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं. 42 मिलिलिटर रेझिनचं वजन 47 ग्रॅमच्या आसपास भरतं, तर त्याला लागणाऱ्या 21 मिलिलिटर हार्डनरचं वजन जेमतेम 20–21 ग्रॅम. काट्यावर मात्र 23 ग्रॅमहून जास्त हार्डनर पडतं. म्हणजे साधारण पंधरा टक्के जास्त. असा कोस्टर दोन दिवसांनीही वाकवला तर वाकतो. काही कंपन्या वजनाचं प्रमाण वेगळं छापतात, काही फक्त आकारमानाचं देतात. बाटलीवर जे लिहिलंय त्याच पद्धतीनं मोजायचं, यात तडजोड नाही.

चिकटपणा कुठे आहे, यावरून कारण ओळखता येतं. सगळा कोस्टर रबरासारखा मऊ असेल तर प्रमाण चुकलंय, आणि त्याला इलाज नाही. वरून हार्डनर चोपडून काही होत नाही. बाकीचा कोस्टर दगडासारखा आणि मध्येच एखाददुसरा ओला डाग असेल, तर ढवळणं अपुरं झालंय. कपाच्या कडेला आणि तळाशी न मिसळलेलं रेझिन चिकटून बसतं, आणि शेवटचा थेंबही वाया जाऊ नये म्हणून आपण कप खरवडतो तेव्हा नेमकं तेच साच्यात पडतं. तीन-चार मिनिटं सावकाश ढवळावं, मग सगळं दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा मिनिटभर ढवळावं आणि पहिला कप खरवडू नये. डाग पडलाच, तर तो भाग खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून, घासून, वर नव्या मिश्रणाचा पातळ थर देता येतो.

तिसरा प्रकार मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात हटकून दिसतो. कोस्टर आतून कडक असतो, पण वर तेलकट, धुरकट पापुद्रा येतो. हार्डनरमधली अमाइन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळून हा थर बनवतात. हा मात्र कोमट पाण्यानं आणि साबणानं धुतला जातो. दुसरा थर द्यायचा असेल तर तो धुऊनच द्यावा, नाहीतर थर सुटतो. पावसाळ्यात बंद खोलीत, पंचवीस अंशांच्या आसपास आणि शक्यतो एसी किंवा डीह्युमिडिफायर चालू असताना काम करणं बरं.

पॉलिएस्टरची गोष्ट उलटी आहे. हे म्हणजे फायबरग्लासच्या कामाचं रेझिन. ते स्टायरीन नावाच्या उग्र वासाच्या द्रवात विरघळवलेलं असतं आणि घट्ट होताना ते स्टायरीनच साखळ्यांना साखळ्या जोडतं. दुकानदार ज्याला ‘हार्डनर’ म्हणतात ते इथे एमईकेपी हे पेरॉक्साइड असतं, आणि ते फक्त ठिणगी टाकण्याचं काम करतं. प्रमाण वजनाच्या एक ते दोन टक्के. आपल्या त्याच कोस्टरला लागणाऱ्या सत्तर ग्रॅम पॉलिएस्टरमध्ये एक ग्रॅमच्या आतबाहेर. इथे थोडं कमी-जास्त झालं तर वेळ बदलतो, वस्तू फसत नाही. ‘जरा जास्त घाल’ हा सल्ला या कारखान्यांतून आलाय आणि तो एपॉक्सीला लावल्यानं घोटाळा होतो. अर्थात पॉलिएस्टरमध्येही प्रमाणाबाहेर गेलं तर मिश्रण तापतं आणि तडकतं.

पॉलिएस्टरचा वरचा पृष्ठभाग चिकट राहतो, कारण हवेतला ऑक्सिजन ही साखळी तोडतो. आत घट्ट, वर ओलसर, असं असेल तर घाबरायचं कारण नाही. हवा बंद केली की प्रश्न मिटतो. ओतल्यावर वर पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म बुडबुडे न अडकवता हलकेच ठेवावी, किंवा घट्ट झाल्यावर तो थर घासून काढावा. घासून पॉलिश केलेलं पॉलिएस्टर काचेसारखं चमकतं, आणि हे सगळ्यांत स्वस्तही आहे.

तरी घरच्या कामासाठी मी ते सुचवणार नाही. एक तर ते घट्ट होताना आकारमानानं सहा-आठ टक्के आकसतं. दहा सेंटिमीटरचा कोस्टर दोनेक मिलिमीटरनं लहान होतो, आणि आत सुकं फूल असेल तर त्याच्या कडेनं तडे जातात. एपॉक्सी त्या मानानं फारच कमी आकसतं. स्टायरीन सिलिकॉनचे साचेही लवकर खराब करतं. पण खरा प्रश्न धोक्याचा आहे. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. त्याच्या जोडीला ‘कोबाल्ट’ म्हणून विकलं जाणारं प्रवेगक द्रव्य आणि एमईकेपी एकमेकांत थेट मिसळले तर स्फोटासारखा भडका उडू शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच एमईकेपी घालायचं असतं. हे काम मोकळ्या शेडमध्ये, चष्मा आणि बाष्प शोषणारा मास्क लावून करायचं, मुलं खेळतात त्या बाल्कनीत नव्हे.

लॉकेटसाठी, कानातल्यांसाठी मात्र यूव्ही रेझिनला तोड नाही. त्यात मोजायचं काहीच नसतं. बाटली उघडायची, ओतायचं, 365 ते 405 नॅनोमीटरच्या दिव्याखाली धरायचं. नखांचा जेल सुकवायचा दिवा चालतो. दोन-तीन मिनिटांत घट्ट. इथे ठिणगी टाकतो तो प्रकाश, आणि म्हणून सगळ्या अडचणीही प्रकाशाच्याच आहेत. जिथे प्रकाश पोचत नाही तिथलं रेझिन द्रवच राहतं.

समजा, तीन सेंटिमीटर व्यासाच्या पितळी चौकटीत सुकलेलं अबोलीचं फूल बसवायचंय. चौकट मागून उघडी आहे, तिला मागून पारदर्शक टेप लावला. सगळं एकदम ओतून फूल बुडवलं, तर पाकळ्यांच्या सावलीतलं रेझिन ओलंच राहतं आणि काही दिवसांनी मागून पाझरतं. त्याऐवजी आधी मिलिमीटरभर थर ओतून पक्का करावा, त्यावर फूल ठेवावं, वरून आणखी एक पातळ थर द्यावा आणि टेप काढून लॉकेट उलटं करून मागूनही प्रकाश द्यावा. फूल पूर्ण कोरडं हवं, सिलिका जेलमध्ये आठवडाभर ठेवलेलं असलं तर उत्तम. ओलावा राहिला तर ते आत तपकिरी पडतं. काळा किंवा दाट पांढरा रंग मिसळला तर प्रकाश अडतो, तेव्हा थर अजून पातळ घ्यावेत. जाड थर एकदम दिव्याखाली धरला तर तो इतका तापतो की बोटाला चटका बसतो आणि वस्तू वाकडी होते.

यूव्हीचा वरचा चिकटपणा पॉलिएस्टरसारखाच ऑक्सिजनमुळे येतो. अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसून, सुकवून पुन्हा दिव्याखाली धरलं की बहुतेकदा जातो. उन्हात ठेवण्याचा सल्ला इथला आहे. कडक उन्हात हे रेझिन खरंच पक्कं होतं. एपॉक्सीला उन्हाच्या उबेनं थोडी मदत होते, पण चुकलेलं प्रमाण ऊन दुरुस्त करत नाही. उलट वर्षानुवर्षं ऊन लागलं तर ते पिवळं पडतं.

मग यूव्हीचा कोस्टर का करू नये? करता येतो, पण आठ मिलिमीटरसाठी पाच-सहा थर आणि तितक्याच वेळा दिवा, शिवाय हे रेझिन एपॉक्सीपेक्षा बरंच महाग. कोस्टरला एपॉक्सीच. फक्त त्याची उष्णतेची मर्यादा लक्षात ठेवावी. हौशी कामाचं एपॉक्सी साधारण पन्नास अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. चिनी मातीचा कप पटकन त्रास देत नाही, पण उकळत्या चहाचा स्टीलचा पेला ठेवला की गोल ठसा उमटतो. भेट द्यायचा कोस्टर असेल तर जास्त उष्णता सोसणारं म्हणून विकलं जाणारं एपॉक्सी घ्यावं, आणि ओतल्यानंतर आठवडाभर तो वापरायला देऊ नये. साच्यातून दुसऱ्या दिवशी निघाला तरी पूर्ण कडकपणा यायला तेवढा वेळ लागतो.

दोन्हीसाठी नायट्राइलचे हातमोजे हवेतच. एपॉक्सीची किंवा यूव्हीतल्या अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, पुढे थेंब लागला तरी खाज आणि पुरळ. हातमोज्यावर रेझिन सांडलं तर तो लगेच बदलावा. कपात उरलेलं रेझिन सिंकमध्ये ओतू नये. एपॉक्सी कपातच घट्ट होऊ द्यावं, यूव्हीचं उरलेलं रेझिन उन्हात पक्कं करून मग कचऱ्यात टाकावं.

आणि एपॉक्सीच्या कोस्टरवर फुटलेल्या बुडबुड्याचा खड्डा राहिलाच, तर त्यासाठी पुन्हा दोन कप मिसळत बसू नये. जागा घासून, अल्कोहोलनं पुसून त्यात टाचणीच्या टोकानं यूव्ही रेझिनचा एक थेंब सोडावा, दिवा लावावा आणि सपाट घासावा. दोन रेझिनं एकाच वस्तूत वापरण्याची ही जागा मला सगळ्यांत उपयोगी वाटते.