दिवसांचा हिशेब : लेखांक 4
दीड महिना म्हणजे नक्की किती दिवस?

मागच्या लेखात लीप वर्ष पाहिले. आज महिन्यांच्या कमी-जास्त लांबीने होणारी चूक पाहू. त्यासाठी एक गोष्ट रचून सांगतो.

शिरूर तालुक्यातली एक मुलगी दौंडला मावशीकडे राहून अकरावी शिकते. वर्ष लीप नाही. 20 जानेवारीला वर्गात सर सांगतात, "शिष्यवृत्तीच्या फॉर्मला आजपासून 45 दिवस आहेत." ती मनात म्हणते, 45 दिवस म्हणजे दीड महिना. 20 जानेवारी ते 20 फेब्रुवारी एक महिना, त्यापुढे 15 दिवस. फेब्रुवारीचे 8 उरतात, मार्चचे 7 लागतात. म्हणून ती भिंतीवरच्या कॅलेंडरात 7 मार्चला गोल करते.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वडील शिरूरच्या तहसीलला जाऊन आले, दाखला वेळेत आला, कागदही सगळे जुळले. 7 मार्चला ती फॉर्म भरायला बसली, तर मुदत आदल्या दिवशीच संपलेली.

तिने फेब्रुवारीचे दिवस बरोबर 28 धरले होते. चूक त्याच्या आधी झाली. 20 जानेवारीपासून 20 फेब्रुवारीपर्यंत 30 नाही, 31 दिवस जातात, कारण वाटेत जानेवारीची अखेर लागते. एका तारखेपासून पुढच्या महिन्याच्या त्याच तारखेपर्यंतचा "महिना" किती दिवसांचा, हे आपण ज्या महिन्यातून निघतो तो ठरवतो. हीच मुलगी 20 फेब्रुवारीला निघाली असती, तर 20 मार्चपर्यंत 28 दिवसच झाले असते.

खरा हिशेब असा. जानेवारीचे उरलेले 11. फेब्रुवारीचे 28 मिळवले की 39. 45 व्हायला 6 हवेत, म्हणून 6 मार्च. लीप वर्ष असते तर 5 मार्च.

महिना म्हणजे 30 दिवस ही सवय आपल्यात खोल रुजलेली आहे. पंचांगातल्या महिन्यातही 30 असतात त्या तिथी. दिवस साधारण साडेएकोणतीसच भरतात.

कोणता महिना किती दिवसांचा, हे मूठ वळून बघता येते. बोटाच्या हाडाचा उंचवटा म्हणजे 31, मधली खाच म्हणजे त्याहून कमी. पहिला उंचवटा जानेवारी, त्याशेजारची खाच फेब्रुवारी. शेवटच्या उंचवट्यावर जुलै येतो. तिथून पुन्हा पहिल्या उंचवट्यावर या, तो ऑगस्ट. म्हणून जुलै आणि ऑगस्ट लागोपाठ 31 चे.

एक गोष्ट मुठीवरही कळत नाही : "आजपासून 45" म्हणताना आजचा दिवस धरला की नाही. धरला असेल तर मुदत 5 मार्चलाच संपते. त्यामुळे वर्गात कुणी दिवस सांगितले, की तिथेच उठून विचारा, "सर, तारीख कोणती?" आणि ती तारीख वहीत लिहून घ्या.