सहा आधी, की सहा नंतर?

डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांच्या वहीत दोन नियम एकाखाली एक लिहिलेले असतात. बीसीडी ॲडरमध्ये बेरीज नऊच्या वर गेली तर सहा मिळवा. एक्सेस-थ्री ॲडरमध्ये हातचा आला तर तीन मिळवा, नाही आला तर तीन वजा करा. परीक्षेपुरते दोन्ही पाठ होतात. पण एकात सहा आणि दुसऱ्यात तीन का, आणि दुसऱ्यात कधी मिळवायचे तर कधी वजा करायचे असे का, हे विचारले की बहुतेकांना उत्तर देता येत नाही. वास्तविक दोन्ही नियम एकाच अडचणीतून निघाले आहेत.

ती अडचण अशी. यंत्रात ० ते ९ हा प्रत्येक अंक चार बिटांत ठेवतात. चार बिटांतून ०००० ते ११११ अशा सोळा जोडण्या होतात, आपल्याला लागतात दहा. म्हणजे सहा शिल्लक राहतात. कागदावर बेरीज करताना आपण दहा झाले की हातचा घेतो. चार बिटांचा साधा बायनरी ॲडर मात्र सोळा होईपर्यंत हातचा देत नाही. दहा आणि सोळा यांच्यातले हे सहाचे अंतर कुठेतरी भरून काढावेच लागते. बीसीडी ते बेरीज झाल्यावर भरते, एक्सेस-थ्री बेरजेच्या आधीच भरून ठेवते. दोन्हींच्या दुरुस्तीत फरक पडतो तो एवढ्यामुळेच.

आधी बीसीडी पाहू. तिथे अंक त्याच्या सरळ बायनरी रूपात असतो, सात म्हणजे ०१११ आणि आठ म्हणजे १०००. यांची बेरीज ११११ येते, म्हणजे पंधरा. हातचा आलेला नाही, पण ११११ नावाचा अंकही बीसीडीत नाही. सहा मिळवले की १०१०१ होते, म्हणजे हातचा एक आणि खाली ०१०१, पाच. बरोबर. आता आठ आणि नऊ घ्या. १००० अधिक १००१ म्हणजे १०००१. इथे हातचा आपोआप आला, पण खाली ०००१ उरला, आणि सतराचा एकक तर सात असतो. त्यामुळे इथेही सहा मिळवावे लागतात. थोडक्यात, दुरुस्ती हवी की नको हे केवळ हातचा पाहून बीसीडीला कळत नाही. हातचा आला, किंवा आठाची आणि चाराची बिट दोन्ही एक आहेत, किंवा आठाची आणि दोनाची बिट दोन्ही एक आहेत, असे तीन प्रकार तपासणारे वेगळे गेट लावावे लागतात. पुढच्या अंकाला जाणारा खरा हातचाही याच तपासणीतून निघतो.

एक्सेस-थ्रीचा विचार जॉर्ज स्टिबिट्झ यांच्या कामातून पुढे आला, म्हणून या सांकेतिक पद्धतीला स्टिबिट्झ कोड असेही म्हणतात. ते अमेरिकेत बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये गणिती होते. १९३७ साली त्यांनी टेलिफोनचे रिले वापरून घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक बिट मिळवणारे छोटे यंत्र जुळवले. त्यातूनच पुढे कॉम्प्लेक्स नंबर कॅल्क्युलेटर हे यंत्र उभे राहिले आणि १९४० च्या जानेवारीपासून ते नेमाने वापरात आले. त्यात दशमान अंक एक्सेस-थ्रीमध्ये, म्हणजे मूळ किमतीपेक्षा तीनने वाढवून ठेवले होते. शून्य म्हणजे ००११, चार म्हणजे ०१११, नऊ म्हणजे ११००. पुढे १९५१ च्या युनिव्हॅकनेही हीच पद्धत घेतली.

प्रत्येक अंकात तीन जादा असले की बेरजेचे काय होते? दोन अंक मिळवले की दोन्हींचे तीन-तीन एकत्र येतात आणि सहा जादा होतात. म्हणजे सोळापर्यंत पोचायला जे सहा कमी पडत होते ते प्रत्येक बेरजेत आधीपासूनच हजर असतात. खरी बेरीज दहा झाली की ॲडरच्या दृष्टीने सोळा होतात आणि हातचा नेमका तिथेच सुटतो. खरी बेरीज नऊ असेल तर ॲडरला पंधरा दिसतात आणि हातचा येत नाही. वेगळी तपासणी लागत नाही, कारण पहिल्या ॲडरचा हातचा हाच खरा दशमान हातचा असतो. या पद्धतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. पुढच्या अंकाची बेरीज त्यामुळे लगेच सुरू करता येते, खाली उरलेले चार बिट मागाहून सावकाश दुरुस्त झाले तरी चालतात.

आता ती दुरुस्ती. उत्तरसुद्धा एक्सेस-थ्रीतच हवे, म्हणजे त्यात तीन जादा असलेच पाहिजेत, कमी नकोत आणि जास्तही नकोत. हातचा आला तेव्हा सोळा बाहेर गेले. त्यांपैकी दहा आपल्या हातच्याचे, उरलेले सहा म्हणजे दोन्ही अंकांनी मिळून आणलेली जादा रक्कम. ती सगळी खर्ची पडली, त्यामुळे खाली उरला तो अंक उघडा, एकही जादा नसलेला. त्याला त्याचे तीन परत द्यायचे. हातचा आला नाही तेव्हा सहाच्या सहा उत्तरातच पडून राहिले. हवेत तीन, आहेत सहा, म्हणून तीन काढून घ्यायचे. बीसीडीत नियम 'मिळवा किंवा काही करू नका' असा आहे, कारण तिथे बेरजेआधी जादा काही नसतेच. एक्सेस-थ्रीत दुरुस्ती प्रत्येक वेळी करावी लागते आणि तिची दिशा हातचा ठरवतो.

मंडल उभे करायचे तर चार बिटांचे दोन ॲडर पुरतात, ७४८३ सारख्या दोन चिप. पहिल्यात दोन्ही अंक आणि मागून आलेला हातचा जातो. दुसऱ्यात पहिल्याची बेरीज आणि दुरुस्तीचा आकडा. तीन मिळवायचे तर तो आकडा ००११. तीन वजा करायचे तर चार बिटांत ते तेरा मिळवण्यासारखेच असते, म्हणून ११०१. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. सर्वांत उजवी बिट दोन्हींत एक आहे. तिच्या डावीकडची बिट हातच्यासारखीच चालते. डावीकडच्या उरलेल्या दोन्ही बिट हातच्याच्या बरोबर उलट. म्हणजे एक तार कायमची एकला जोडायची, एक थेट हातच्याला आणि दोन इन्व्हर्टरमधून काढायच्या. सगळ्या निर्णयासाठी मिळून एक इन्व्हर्टर लागला. बीसीडीतल्या तपासणीच्या गेटशी याची तुलना केली की बेरजेआधीच सहा भरून ठेवल्याने काय वाचले ते दिसते.

४७ आणि ३८ मिळवून बघू. एकक स्थानी सात म्हणजे १०१० आणि आठ म्हणजे १०११. बेरीज १०१०१, हातचा एक, खाली ०१०१. हातचा आला म्हणून ००११ मिळवायचे, १००० आले. एक्सेस-थ्रीत हा पाच. दशक स्थानी चार म्हणजे ०१११, तीन म्हणजे ०११० आणि हातचा एक. बेरीज १११०, हातचा नाही. म्हणून ११०१ मिळवायचे, ११०११ आले. डावीकडचा एक सोडून द्यायचा, उरले १०११, म्हणजे आठ. उत्तर ८५.

तो सोडून दिलेला एक फार फसवतो. प्रयोगशाळेत मुले दुसऱ्या ॲडरचा हातचा हाच अंतिम हातचा समजून पुढे जोडतात. पण दुसऱ्या ॲडरचा हातचा नेहमी पहिल्याच्या उलटा असतो. पहिल्यात हातचा नसेल तर खाली सहा ते पंधरा यांपैकी काहीतरी असते, त्यात तेरा मिळवले की सोळा ओलांडणारच. पहिल्यात हातचा असेल तर खाली फार तर नऊ उरतात, तीन मिळवून बारा होतात आणि हातचा निघतच नाही. म्हणून ही जोडणी चुकली आहे का हे पाहायला शून्य अधिक शून्य पुरते. उत्तर शून्यच येते, पण हातच्याचा दिवा पेटतो.

हीच चाचणी दुसरीही चूक पकडते. हातचा असो वा नसो, दोन्ही वेळी तीन मिळवले गेले तर शून्य अधिक शून्य ००११ न येता १००१ येते, आणि तो वाचायचा सहा. आणखी एक काळजी रिकाम्या स्थानांची. शतक स्थान वापरात नसले तरी तिथे दोन्ही बाजूंना ००११ द्यावे लागते. ०००० दिले तर ते शून्य नव्हे, उणे तीन होतात, आणि दशकातून आलेला हातचा चुकीच्या अंकात मिसळतो.

प्रत्येक बेरजेला दुरुस्ती, आकडा वाचायलाही आधी तीन उतरवा, तरी हे सगळे कशासाठी? वजाबाकीसाठी. एक्सेस-थ्रीत कोणताही अंक आणि त्याला नऊ पुरे करणारा अंक यांची बेरीज नेहमी पंधरा, म्हणजे ११११ होते. म्हणून चारचा ०१११ उलटवला की पाचचा १००० आपोआप मिळतो. ८५ मधून ३८ वजा करायचे असतील तर ३८ च्या सगळ्या बिट उलटवायच्या. ०११० चा १००१ होतो, म्हणजे सहा, आणि १०११ चा ०१०० होतो, म्हणजे एक. आता ८५ अधिक ६१ अधिक एक, त्याच ॲडरमधून. एककात १००० अधिक ०१०० अधिक एक म्हणजे ११०१, हातचा नाही, तीन वजा करून १०१०, सात. दशकात १०११ अधिक १००१ म्हणजे १०१००, हातचा आला, तीन मिळवून ०१११, चार. उत्तर ४७, आणि शेवटी आलेला हातचा सांगतो की उत्तर धन आहे. रिलेच्या यंत्रात अंक उलटवणे म्हणजे दुसऱ्या संपर्कावरून तार घेणे, त्याला वेगळा खर्च जवळजवळ नाही.

पुढे चिप स्वस्त झाल्या तसे चार गेट वाचवण्याचे महत्त्व कमी झाले. आकडे दाखवणारे ७४४७ सारखे डीकोडरही बीसीडीच मागत होते. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत वर्षानुवर्षे शिकवल्या गेलेल्या ८०८५ या मायक्रोप्रोसेसरने बीसीडीची बाजू घेतली. त्यातली `DAA` ही सूचना बेरजेनंतर प्रत्येक अंक नऊच्या वर गेला का किंवा त्यातून हातचा निघाला का हे तपासते आणि लागले तर सहा मिळवते. बेरजेनंतर भरायचे ते सहा हेच. पण ही सूचना फक्त बेरजेनंतर चालते. त्यामुळे ८०८५ वर दशमान वजाबाकी लिहिताना आधी नव्व्याण्णवमधून संख्या वजा करून घ्यावी लागते, मग एक मिळवायचा, मग बेरीज, मग `DAA`. एक्सेस-थ्रीत यातली पहिली पायरी नुसत्या इन्व्हर्टरने भागते.