कणकेचे थर आणि नागपूरखालची जमीन

भूगोलाच्या स्लाइडवर भूपट्टांच्या सीमा बाणांनी दाखवतात: समोरासमोर येणारे, दूर जाणारे आणि शेजारून सरकणारे. बाण पाठ होतात, पण खडकाचं काय होतं ते दिसत नाही. ते पाहायचं तर दोन पुठ्ठे घ्या आणि एकाची कड दुसऱ्याखाली थोडी सरकवून ठेवा. वेगवेगळ्या रंगांच्या कणकेचे तीन थर एकावर एक लाटून त्या सांध्यावर पसरा, दोन्हीकडे नीट चिकटवा.

आता पुठ्ठे हळूहळू जवळ ढकला. खालचा आत शिरतो आणि वरच्या थरांना घड्या पडतात. ही अभिसारी सीमा. नागपूरच्या उत्तरेला, मनसरच्या मँगनीज खाणींच्या पट्ट्यात अशाच घड्या पडलेले खडक आहेत. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी, किंवा त्याही आधी, बुंदेलखंड आणि बस्तर हे दोन प्राचीन भूखंड एकमेकांना भिडले, त्या टकरीची ही खूण. हिमालय अजून जन्मायचाच होता.

कणीक वाळली असेल तर घडी न पडता ती तडकते. प्रयोग फसला असं समजून ती फेकू नका, कारण खडकही असेच वागतात. खोलवरचा गरम खडक वाकतो, वरचा थंड खडक तुटतो आणि तिथे भूकंप होतात.

पुठ्ठे दूर ओढले की थर मधोमध पातळ होऊन खचतात. ही अपसारी हालचाल. कामठीचा कोळसा अशाच ताणातून खचलेल्या दरीत साचला. मात्र इथे ताण मध्येच थांबला, म्हणून समुद्र तयार झाला नाही. बाजूला सरकवलेले पुठ्ठे थरांना तिरके फाडतात. या तिसऱ्या सीमेवर भूकंप होतात, ज्वालामुखी सहसा नसतो. तिचं उदाहरण नागपूरजवळ नाही, त्यासाठी कॅलिफोर्नियातला सान आंद्रियास प्रस्तरभंग पाहावा लागतो.

या प्रयोगातली एक गोष्ट मुलांना आधीच सांगायला हवी. इथे पुठ्ठे आपला हात ढकलतो. भूपट्टांना मुख्यतः त्यांचीच खाली बुडणारी, थंड आणि जड कड ओढत नेते. शिवाय भूपट्ट वितळलेल्या लाव्ह्यावर तरंगत नाहीत. त्यांच्याखालचं प्रावरण घनच असतं, फक्त अतिशय सावकाश वाहतं.

आज नागपूर कोणत्याही सीमेवर नाही. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो आणि त्याची टक्कर हिमालयात चालू आहे. पण त्या दाबाने पट्टाच्या आतल्या जुन्या कमकुवत भेगा हलू शकतात. २२ मे १९९७ रोजी जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तो नर्मदा खोऱ्यातल्या अशाच एका जुन्या भेगेवर.