कारक आणि विभक्ती : ‘ने’ व ‘हून’ या प्रत्ययांच्या निमित्ताने

क्रियापदाने दर्शविलेल्या क्रियेशी नामाचा जो अर्थदृष्ट्या संबंध असतो त्यास कारक म्हणतात. तो संबंध दाखविण्यासाठी नामाला जे रूप प्राप्त होते ती विभक्ती होय. पहिली गोष्ट अर्थाची, दुसरी रूपाची. प्रथमा म्हणजे कर्ता, तृतीया म्हणजे करण, पंचमी म्हणजे अपादान, अशी कोष्टके पाठ केल्याने या दोहोंतील भेद लोपतो, आणि प्रत्यक्ष वाक्य समोर आले की विद्यार्थी अडखळतो.

‘शेतकऱ्याने मोटेने विहिरीतून पाणी काढले’ हे वाक्य घ्यावे. यात ‘शेतकऱ्याने’ व ‘मोटेने’ ही दोन्ही पदे तृतीयेची असून दोहोंस ‘ने’ हाच प्रत्यय लागला आहे. तथापि शेतकरी हा काढण्याची क्रिया करणारा, म्हणून कर्ता; मोट हे त्या क्रियेचे साधन, म्हणून करण. रूप एक असता कारके दोन कशी ओळखावी? त्यासाठी हेच वाक्य वर्तमानकाळी फिरवून पाहावे : ‘शेतकरी मोटेने विहिरीतून पाणी काढतो.’ शेतकऱ्याचा ‘ने’ गळाला, मोटेचा टिकला. कर्त्यास लागलेला ‘ने’ हा प्रयोगामुळे आलेला असतो. सकर्मक धातूच्या भूतकाळी क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. ‘पाणी काढले’ पण ‘माती काढली’. क्रियापदाचा असा कर्त्याशी असलेला मेळ सुटला की कर्ता तृतीयेत जातो. करणाची तृतीया मात्र अर्थातून आलेली असल्याने काळ बदलला तरी ती ढळत नाही.

ही कसोटी अधिक बारीक भेदही उघड करते. जळगाव-धुळ्याकडील कापसाच्या शेतात अवकाळी पाऊस झाला असता ‘पावसाने कापूस भिजला’ असे म्हणता येते आणि ‘पावसाने कापूस भिजवला’ असेही म्हणता येते. ‘पावसाने’ हे पद दोन्हीकडे अक्षरशः तेच आहे. वर्तमानकाळी मात्र पहिल्याचे ‘पावसाने कापूस भिजतो’ असे होते व दुसऱ्याचे ‘पाऊस कापूस भिजवतो’ असे. म्हणजे पहिल्या वाक्यात कापूस हा कर्ता असून पाऊस हे भिजण्याचे कारण किंवा साधन आहे. दुसऱ्यात पाऊसच कर्ता आणि कापूस कर्म. एका ‘व’ने धातू सकर्मक झाला आणि कारकांची वाटणी पालटली.

कसोटीची मर्यादाही ध्यानात ठेवावी. ‘मी पाणी काढले’, ‘तू पाणी काढलेस’ येथे कर्त्यास ‘ने’ लागतच नाही. तेथे प्रत्यय गळतो की टिकतो हे पाहण्याची सोय नाही. ‘मला चालवते’ यात चालणारा ‘मला’ या पदाने सांगितला आहे आणि तो ‘ला’ वर्तमानकाळातही कायम आहे. अशा ठिकाणी क्रिया कोण करतो, हा अर्थाचाच प्रश्न विचारावा लागतो.

आता मूळ वाक्यातील ‘विहिरीतून’ हे पद पाहू. पाणी जिच्यापासून वेगळे झाले ती विहीर, म्हणून ती अपादान. ‘तो जळगावहून धुळ्यास गेला’ यातील जळगावही तसेच. परंतु ‘ऊन, हून’ हे प्रत्यय दिसताच अपादान मानणे धोक्याचे. ‘ज्वारीहून बाजरी महाग आहे’ यात कोणतीच वस्तू कोठून दूर गेलेली नाही. येथे पंचमी आहे ती तुलनेची. उलट, पाणिनीने भयाचा हेतू अपादानात गणला असून संस्कृतात त्यास पंचमी लागते. मराठीत मात्र ‘तो वाघाला भितो’ असे म्हणतात. मराठीपुरता विचार केल्यास वाघापाशी पंचमी नाही, आणि संस्कृतची कारकसंज्ञा तेथे जशीच्या तशी चिकटविली तर रूपाशी तिचा मेळ बसत नाही.

खानदेशातील विद्यार्थ्यास हा भेद घरच्याच बोलीतून उमगू शकतो. प्रमाण मराठीतील ‘मला’ याच्या जागी अहिराणीत ‘माले’ येते, ‘घरात’ याच्या जागी ‘घरमा’. ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांच्या पाहणीत १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या खंडात खानदेशीचा विचार भिल्ल बोलींबरोबर केला, तो मराठीच्या खंडात नव्हे. प्रत्ययांचे हे वेगळेपण तेथेही नोंदलेले आहे. ‘माले पानी दे’ म्हणणारे मूल ‘मला पाणी दे’ हे वाक्य शिकते तेव्हा त्यास प्रत्यय नवा शिकावा लागतो, संप्रदान हा संबंध नव्हे. देणारा, दिलेली वस्तू व जिला ती मिळते ती व्यक्ती, ही नाती त्यास आधीच ठाऊक असतात. म्हणून वाक्याचे पृथक्करण करताना आधी क्रियापद शोधावे, मग प्रत्येक नामाचे त्याच्याशी नाते विचारावे, आणि विभक्तीचे नाव शेवटी लिहावे. हा क्रम उलटला की मोट कर्ता ठरते, आणि बाजरी ज्वारीपासून दूर जाते.