पंधरा मीटरवर चेंडू कधी होता?

चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला, तर t सेकंदांनंतर तो हातापासून किती उंच असेल? हवेचा विरोध सोडून दिला आणि गुरुत्वीय त्वरण सोयीसाठी १० धरले, तर उत्तर एका ओळीत मिळते:

h = 20t − 5t²

एका सेकंदाला उंची १५ मीटर, दोन सेकंदांना २० मीटर, तीन सेकंदांना पुन्हा १५ आणि चौथ्या सेकंदाला चेंडू परत हातात. कुठलीही वेळ सांगा, उंची एकच येते. अशा नियमाला गणितात फल म्हणतात, कॉलेजच्या भाषेत फंक्शन.

आता प्रश्न उलटा करू. चेंडू १५ मीटरवर कधी होता? एका सेकंदाला, आणि तीन सेकंदांनाही. दोन्ही उत्तरे खरी आहेत, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. उंचीवरून वेळ सांगणारे फंक्शन हवे असेल, तर त्याने एका उंचीला एकच वेळ द्यायला हवी. मूळ फंक्शन एकास एक नसेल, म्हणजे दोन वेगळ्या वेळांना तीच उंची येत असेल, तर त्याचे व्यस्त फल निघू शकत नाही. आलेखावर हे लगेच दिसते: या वक्राला शिखराखाली कुठेही आडवी रेघ मारा, ती त्याला दोनदा छेदते.

उपाय असा, की वेळेची कक्षा, म्हणजे फंक्शनचे डोमेन, आपणच कमी करायचे. पण कुठे कापायचे? ते कळण्यासाठी समीकरण पूर्ण वर्गाच्या रूपात लिहू:

h = 20 − 5(t − 2)²

वर्ग कधी ऋण होत नाही, त्यामुळे उंची २० पेक्षा जास्त जाणार नाही, आणि ती २० होईल फक्त t = 2 असताना. तेच शिखर, आणि कापायचे तेही तिथेच. शून्य ते दोन सेकंद हा चढता भाग, दोन ते चार सेकंद हा उतरता. यातला कोणताही एक घेतला की प्रत्येक उंची एकदाच येते.

दीड ते चार सेकंद असा भाग घेतला तर? शिखर आत राहते, आणि १.७५ व २.२५ सेकंदांना उंची सारखीच येते. म्हणजे दुखणे कायम. उलट अडीच ते चार सेकंद घेतले, तर फंक्शन एकास एक होते खरे, पण १८.७५ मीटरच्या वरच्या साऱ्या उंची हातच्या जातात. शिखरावर कापले तर एकही उंची वाया जात नाही.

आता t वेगळा काढू. वरच्या समीकरणातून (t − 2)² = (20 − h)/5 मिळते. वर्गमूळ घेताना धन की ऋण, असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर निवडलेल्या डोमेनमध्येच आहे. चढत्या भागात t दोनपेक्षा मोठा नसतो, म्हणून ऋण चिन्ह:

t = 2 − √((20 − h)/5)

उतरत्या भागात t दोनपेक्षा लहान नसतो, म्हणून धन:

t = 2 + √((20 − h)/5)

उंची १५ घातली, तर (20 − 15)/5 = 1. पहिल्या सूत्रातून १ सेकंद मिळतो, दुसऱ्यातून ३. दोन्ही सूत्रांत h ला ० ते २० मधलीच किंमत चालते. २५ घातली तर वर्गमुळाखाली ऋण संख्या येते, कारण चेंडू तितका वर गेलेलाच नाही. मूळ फंक्शनच्या उंचीची कक्षा हे व्यस्त फलाचे डोमेन होते, आणि वेळेची कक्षा ही त्याच्या उत्तरांची कक्षा.

चूक बहुतेक वेळा चिन्हातच होते, आणि ती पकडायला एक तपासणी पुरते. निवडलेल्या भागातली एक वेळ घ्या, तिची उंची काढा, ती उंची व्यस्त सूत्रात घाला. तीच वेळ परत यायला हवी. उतरता भाग निवडून t = 3 घेतले, उंची १५ आली आणि सूत्राने उत्तर १ दिले, तर चिन्ह उलटे पडले आहे. मात्र शिखरावरची वेळ, t = 2, तपासायला घेऊ नका. तिथे वर्गमूळ शून्य असते, त्यामुळे दोन्ही सूत्रे बरोबरच ठरतात.

कॅल्क्युलेटरवरचे वर्गमुळाचे बटणही अशाच निवडीवर चालते. x² हेही एकास एक नाही. ३ आणि −३ दोघांचा वर्ग ९. बटण मात्र ९ ला ३ च देते, कारण x शून्य किंवा धन असावा, हे आधीच ठरवून घेतले आहे. म्हणून −३ चा वर्ग करून वर्गमूळ काढले, तर −३ परत मिळत नाही, ३ मिळते. सूत्रासोबत त्याचे डोमेन लिहिले नाही, तर व्यस्त फल कोणत्या भागाचे, हे कळायला मार्गच उरत नाही.